उद्गारचिन्हांच्या जागी

कार्यालयातील पत्रव्यवहार ज्यांनी टंकलेखन यंत्राच्या काळात शिकला, त्यांना उद्गारचिन्हाची फारशी सवय लागलीच नाही. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत माल रवाना करण्याच्या विभागात मी एकतीस वर्षे पत्रे लिहिली. गाडी उशिरा निघाली, माल परत आला, रक्कम थकली, अशा नाना कारणांनी लिहिलेल्या त्या पत्रांत उद्गारचिन्ह वापरल्याचे मला आठवत नाही. त्या वेळी आम्हाला भावना नव्हत्या असे नाही. गाडी चुकली की जीव तेव्हाही खालीवर होत असे. परंतु तो जीव पत्रात कोठे ठेवायचा, याची एक रीत ठरलेली होती आणि ती रीत शब्दांत होती.

आता पत्रांची जागा मोबाइलवरील निरोपांनी घेतली आहे. कारखान्याचा एक गट असतो, विभागाचा दुसरा, वरिष्ठांचा तिसरा. ज्या फोनवरून मैत्रिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा जातात, त्याच फोनवरून, त्याच अंगठ्याने, कारखान्याच्या प्रमुखांना अडचण कळवली जाते. साहजिकच एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणी उतरते. वरिष्ठ मंडळी म्हणतात, "ही मुले कशी लिहितात!" मुले म्हणतात, "हे लोक किती कोरडे लिहितात." दोघांचेही म्हणणे मी ऐकले आहे आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असे मला वाटते.

माझी भाची एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. नोकरीला दीड वर्ष झाले. गेल्या पावसाळ्यातील एका शुक्रवारी सकाळी सात वाजण्याच्या आधी तिचा मला निरोप आला. वरिष्ठांना पाठवायचा मजकूर तिने आधी माझ्याकडे पाठवला होता आणि खाली लिहिले होते, "आत्या, हे पाठवण्याआधी वाच. मागच्या वेळी सर म्हणाले, नीट लिहीत जा. पण नीट म्हणजे कसे ते सांगितले नाही." मजकूर असा होता :

"गुड मॉर्निंग सर!! 😊🙏
सॉरी सकाळी सकाळी त्रास देतेय 🙈
कालच्या हाउसिंगच्या लॉटमध्ये बरेच ब्लोहोल निघालेत सर!!! 😭😭
२४० पैकी ३८ रिजेक्ट 😱
एफवायआय, आजची गाडी बहुतेक जाणार नाही…
असॅप डिसिजन द्या ना सर प्लीज!! 🙏🙏
टीआयए 😊"

फाउंड्रीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगते. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. वाळूत ओल जास्त राहिली, किंवा साच्यातून वायू बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर तो वायू धातूत अडकतो आणि थंड झालेल्या नगात पोकळी राहते. तिला ब्लोहोल म्हणतात. काही पोकळ्या नग साफ केल्यावर वरूनच दिसतात. काही कातडीखाली दडलेल्या असतात आणि नग यंत्रावर कापल्यावरच उघड होतात. म्हणून ३८ नग खराब निघाले, तर उरलेले २०२ चांगले आहेत असे लगेच म्हणता येत नाही. वरिष्ठांच्या मनात सर्वांत आधी हाच प्रश्न येणार होता आणि निरोपात त्याचे उत्तर नव्हते.

पण तिला मी तसे लगेच सांगितले नाही. आधी तिला म्हटले, "तुझी तू सगळी चित्रे आणि चिन्हे काढून टाक आणि पुन्हा पाठव." पाच मिनिटांत दुसरा मजकूर आला :

"सर, कालच्या लॉटमध्ये ब्लोहोल निघाले आहेत. २४० पैकी ३८ रिजेक्ट. आजची गाडी जाणार नाही. लवकर निर्णय द्या."

आणि त्याखाली तिचे वाक्य : "आत्या, हे किती उद्धट वाटते! असे मी सरांना कसे पाठवू?"

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. हा दुसरा मजकूर पहिल्यापेक्षा वाईट होता. "लवकर निर्णय द्या" हा हुकूम झाला. "आजची गाडी जाणार नाही" हा निर्णय तिने स्वतःच देऊन टाकल्यासारखे झाले, कारण चिन्हांबरोबर तिने "बहुतेक" हा शब्दही उडवला होता. नीट लिहा असे सांगितल्यावर पुष्कळ तरुण जे करतात तेच तिने केले. चिन्हे पुसली, पण ती चिन्हे जे काम करत होती ते काम कोणाकडेच सोपवले नाही. मग मजकूर उघडा पडतो, आणि उघडा पडलेला मजकूर कठोर दिसतो. म्हणूनच ही मुले पुन्हा चिन्हांकडे वळतात. त्यांना शिस्त नाही असे म्हणून आपण मोकळे होतो, पण त्यांची अडचण खरी असते.

ती अडचण कोठून येते हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये विद्यार्थ्यांना मोबाइलवरील लहान लहान संवाद वाचायला दिले. एका शब्दाच्या उत्तरानंतर पूर्णविराम असला, तर वाचणाऱ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचे वाटले. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवल्यावर मात्र पूर्णविरामाने तसा फरक पडला नाही. म्हणजे ज्या पिढीने मोबाइलवरच लिहायला शिकले, तिच्या कानाला पूर्णविराम हा दार लावल्यासारखा ऐकू येतो. माझ्या पिढीला तो वाक्य संपल्याची खूण वाटतो. भाची "द्या." असे लिहून थांबली की तिला स्वतःचाच आवाज चढलेला ऐकू येत होता, आणि तो उतरवण्यासाठी ती दोन उद्गारचिन्हे आणि जोडलेले हात शोधत होती.

उद्गारचिन्हाचे मराठीतील मूळ काम वेगळे आहे. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे आपल्या गद्यात एकोणिसाव्या शतकात रूढ झाली आणि त्या कामात मेजर थॉमस कँडी यांचे नाव घेतले जाते. शाळेत आपण शिकलो ते असे, की अरेरे, शाबास, बापरे अशा केवलप्रयोगी अव्ययांनंतर किंवा मनातील तीव्र भावना दाखवणाऱ्या वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह येते. म्हणजे ते चिन्ह लिहिणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगते. "ब्लोहोल निघालेत सर!!!" या ओळीतून सरांना काय कळले? लिहिणारी घाबरली आहे, एवढे कळले. किती नगांत, कोणत्या पाळीत, पुढे काय केले, हे त्या तीन उभ्या रेघांतून कळत नाही. आणि सकाळी सात वाजता ज्यांना निर्णय घ्यायचा आहे, त्यांना आपली भीती पोहोचवणे म्हणजे त्यांच्या हातात आणखी एक ओझे देणे.

म्हणून आम्ही दोघींनी फोनवर बसून एकच गोष्ट केली. पहिल्या मजकुरातील प्रत्येक चिन्हापुढे थांबलो आणि विचारले, हे येथे कोणते काम करते आहे? आणि ते काम कोणत्या शब्दाला, कोणत्या वेळेला किंवा कोणत्या आकड्याला देता येईल?

पहिल्या ओळीतील हसरा चेहरा आणि जोडलेले हात अभिवादनाचे काम करत होते. ते "नमस्कार सर" या दोन शब्दांनी होते. शिवाय त्या हसऱ्या चेहऱ्याची आणखी एक अडचण होती. सरांना पुढे वाईट बातमी वाचायची होती. हसून आरंभ केलेला निरोप तिसऱ्या ओळीत रडू लागला, तर वाचणाऱ्याला आधीचे हसू खोटे वाटते.

दुसऱ्या ओळीतील डोळे झाकलेले माकड क्षमा मागत होते. कशाची क्षमा? दोष तिने केला नव्हता. तो शोधला होता आणि वेळेवर कळवत होती. जे आपले कर्तव्य आहे त्याची क्षमा मागितली, की वाचणाऱ्याला उगाच वाटते हिचे काहीतरी चुकले असावे. पण वेळेबद्दल संकोच वाटणे साहजिक आहे. त्या संकोचाचे काम कारणाने होते : "गाडीचा निर्णय आजच लागणार असल्याने सकाळीच कळवत आहे." इतके लिहिल्यावर क्षमेची गरज उरत नाही.

रडणाऱ्या दोन चेहऱ्यांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. भाचीच्या वयाची मुले हे चित्र हसून हसून पुरेवाट झाली तरी वापरतात, थकवा आला तरी वापरतात आणि खरोखर वाईट वाटले तरी वापरतात. त्यांना संदर्भावरून कळते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला मात्र त्यात रडणारा माणूसच दिसतो. एखाद्या वरिष्ठाने ते शब्दशः घेतले तर त्याला वाटणार, मुलगी फार खचली आहे, हिच्याकडून पुढची तपासणी नीट होईल ना? चित्राचा अर्थ दोघांमध्ये एकच असेल अशी खात्री नसेल, तर ते चित्र निरोपात ठेवणे म्हणजे एक शब्द मुद्दाम धूसर ठेवणे आहे. जोडलेल्या हातांचेही तेच. आपल्याकडे ते नमस्काराला, विनंतीला, आभाराला आणि शोकसंदेशालाही चालतात. तिच्या मजकुरात ते तीनदा आले होते आणि पहिल्या वेळी त्यांचे काम वेगळे होते, शेवटच्या दोन वेळी वेगळे.

"बरेच" आणि भेदरलेला चेहरा ही दोन्ही गांभीर्य सांगण्यासाठी होती. गांभीर्य आकड्याने सांगता येते. २४० पैकी ३८ म्हणजे शंभरात जवळजवळ सोळा. हा आकडा ज्याला कळतो त्याला भेदरलेल्या चेहऱ्याची आवश्यकता नाही. त्याला पुढची माहिती हवी असते : खराब नग चांगल्यांत मिसळले तर नाहीत ना, आणि उरलेल्यांची खात्री काय? मी हे विचारले तेव्हा भाची लगेच म्हणाली, "आत्या, ३८ नग मी रात्रीच वेगळे काढून लाल रंगाची खूण केली. आणि उरलेल्यांपैकी पाच मशीनिंगला दिले आहेत, आतून बघायला." एवढे सगळे योग्य काम तिने केले होते आणि निरोपात त्यातले एक अक्षर नव्हते. चित्रांनी आणि उद्गारचिन्हांनी जागा व्यापली की असे होते. भावना सांगून झाली, म्हणजे सगळे सांगून झाले असा लिहिणाऱ्याचा समज होतो.

मग आली आद्याक्षरे. "एफवायआय" म्हणजे आपल्या माहितीसाठी. बरोबरीच्या माणसाला ते चालते. वरिष्ठाला ते लिहिले की त्यातून "तुम्हाला फक्त कळवले, पुढचे मी बघते" असा सूर निघतो आणि येथे तर त्यांच्याकडूनच निर्णय हवा होता. "असॅप" म्हणजे शक्य तितक्या लवकर. ते वरिष्ठाला सांगणे हा हुकूम होतो, आणि हुकूम असूनही त्यात वेळ नाही. कोणाचे "शक्य तितक्या लवकर" म्हणजे दहा मिनिटे, कोणाचे म्हणजे संध्याकाळ. मी विचारले, "तुला उत्तर नक्की कधीपर्यंत हवे?" तिने हिशेब केला. गाडी तीनला भरायची, गाडीवाल्याला आणि ग्राहकाला त्याआधी कळवायचे, म्हणजे बारापर्यंत. मग बाराच लिहायचे. वेळ लिहिली की घाई सांगावी लागत नाही आणि वेळेमागचे कारण लिहिले की ती वेळ उद्धटही वाटत नाही. शेवटचे "टीआयए" म्हणजे आगाऊ आभार. ते सरांना कळेल की नाही याचीच तिला खात्री नव्हती. जे उलगडून सांगावे लागेल ते आद्याक्षर वापरून वाचवलेला अर्धा सेकंद वाचणाऱ्याच्या माथी जातो.

याचा अर्थ सगळीच आखूड रूपे वर्ज्य असे नाही. क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणी, पीओ म्हणजे खरेदीची मागणी, ही कारखान्यात रोजची आहेत. ती उलगडून लिहिली तर उलट विचित्र दिसतील. कारखान्याच्या कागदांवर जे आखूड रूप छापले जाते ते निरोपात चालते आणि मैत्रिणींच्या गप्पांतून आलेले चालत नाही, एवढी खूण पुरते.

आता राहिले "द्या ना सर प्लीज!!". यात विनंती होती आणि सर्वांत नाजूक काम येथेच होते. बोलताना "ना" फार गोड असतो, कारण त्यामागे आवाज असतो. पडद्यावर आवाज जातो आणि "ना" लाडिक किंवा रडवा वाटू लागतो. पण मराठीला येथे इंग्रजीकडून काही उसने घेण्याचे कारणच नाही. आपल्या भाषेत आदब क्रियापदातच आहे. "तू दे", "तुम्ही द्या", "आपण द्यावा", "आपण दिलात तर बरे होईल" या एका धातूच्या चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर आवाज थोडा खाली येतो. वरिष्ठाला "द्या" लिहिणे चूक नाही, पण एकटे उघडे "द्या." आज्ञेसारखे ऐकू येते. "आपला निर्णय बारापर्यंत मिळाला तर गाडीवाल्याला वेळेत सांगता येईल" या वाक्यात आज्ञा कोठेच नाही. "आपला" आहे, "तर" आहे आणि विनंतीचे कारण आहे. जे काम दोन उद्गारचिन्हे आणि दोन जोडलेले हात करू पाहत होते ते या तीन गोष्टींनी पुरे होते. भाचीला उद्धट वाटण्याची जी भीती होती, तिच्यावरचा उपाय "तर" या एका शब्दात होता.

असे करत करत जो मजकूर उभा राहिला तो असा :

"नमस्कार सर. काल दुपारपाळीत ओतलेल्या पंप हाउसिंगच्या २४० नगांपैकी ३८ नगांत ब्लोहोल आढळले. ते रात्रीच वेगळे काढून त्यांवर खूण केली आहे. उरलेल्या २०२ नगांत वरून दोष दिसत नाही. आतून खात्री करण्यासाठी त्यांतील ५ नग मशीनिंगला दिले आहेत, त्यांचा निकाल १०:३० पर्यंत कळवते.

आजच्या गाडीत २४० नग जायचे होते. निकाल ठीक आला तर चांगले नग आज पाठवावेत, की पूर्ण लॉट सोमवारी एकत्र पाठवावा? गाडी ३ वाजता भरायची आहे. आपला निर्णय १२ पर्यंत मिळाला तर गाडीवाल्याला आणि ग्राहकाला वेळेत सांगता येईल.

दोषाचे कारण अजून निश्चित नाही, वाळूतील ओलावा तपासत आहोत. गाडीचा निर्णय आजच लागणार असल्याने सकाळीच कळवत आहे. धन्यवाद."

हा मजकूर पहिल्यापेक्षा लांब आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. सौम्य करणे म्हणजे आखूड करणे असा एक समज आहे, तो येथे टिकत नाही. मात्र लांब मजकुराला एक पथ्य पाळावे लागते. फोन लॉक असताना पडद्यावर निरोपाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. भाचीच्या पहिल्या मजकुरातील तेवढ्या जागेत शुभ प्रभात, क्षमा आणि तीन चित्रे होती. दुसऱ्यात कोणता माल, किती नग आणि काय दोष हे होते. बैठकीला निघालेला माणूस तेवढे वाचूनही ठरवू शकतो की हा निरोप आता उघडायचा की नंतर.

लांबीपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे वरिष्ठाला पाठवलेला निरोप तेथेच थांबत नाही. सर तो त्यांच्या वरिष्ठांना पुढे पाठवतात, कधी ग्राहकालाही. मूळ संभाषण, लिहिणाऱ्याचा स्वभाव, त्यांचे आपसांतील बोलणे, यांपैकी काहीच त्याच्याबरोबर जात नाही, फक्त मजकूर जातो. भाचीचे सर तिला ओळखतात, म्हणून रडणारी चित्रे कदाचित त्यांनी हसून सोडून दिली असती. पुण्याचा ग्राहक तिला ओळखत नाही. त्याच्यापर्यंत ती चित्रे गेली असती, तर त्याने त्या कारखान्याची तपासणी कोण करते याचा अंदाज त्यांवरूनच बांधला असता. वयाने लहान, त्यात फाउंड्रीसारख्या ठिकाणी मोजक्या मुलींपैकी एक, अशा मुलीच्या बाबतीत तो अंदाज फार लवकर बांधला जातो. रात्रभर उभे राहून तिने केलेले काम त्या चित्रांमागे झाकले जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

त्या दिवशी सरांचे उत्तर आले. पाचही नग चांगले निघाले तर उरलेले आज पाठवा, असा सरळ होकार होता. पण उत्तर नेहमी असे येत नाही आणि येथे दुसऱ्या बाजूचाही विचार करायला हवा. पुष्कळ वरिष्ठ नुसता उभा अंगठा, 👍, पाठवून मोकळे होतात. त्याचा अर्थ वाचले असा, की मान्य आहे असा? हा प्रश्न एका न्यायालयापर्यंत गेलेला आहे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या खरेदीच्या कराराचे छायाचित्र मोबाइलवर पाठवले आणि करार पक्का असल्याचे कळवण्यास सांगितले. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. पुढे माल पोहोचला नाही. करार मिळाला एवढेच आपल्याला म्हणायचे होते, असे शेतकऱ्याचे सांगणे होते. २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा संमती मानला आणि शेतकऱ्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यावी लागेल असा निकाल दिला. त्या दोघांमध्ये पूर्वी झालेले व्यवहारही न्यायालयाने पाहिले होते, तेव्हा प्रत्येक अंगठ्याचा अर्थ संमती असा नियम त्यावरून काढू नये. मात्र एकाच्या मनातील "मिळाले" दुसऱ्याला "मान्य" असे दिसू शकते, हे त्यातून स्पष्ट होते.

याला निरोप लिहिणाऱ्याकडे एक साधा उपाय आहे. प्रश्नच असा विचारावा की अंगठ्याने त्याचे उत्तर होऊ नये. "गाडी पाठवू का सर?" याला अंगठा चालतो आणि मग तो कशाला दिला हे नंतर उकलत बसावे लागते. "चांगले नग आज पाठवावेत, की पूर्ण लॉट सोमवारी?" याला अंगठा दिला तर देणाऱ्यालाच कळते की उत्तर झालेले नाही. तरीही अंगठाच आला, तर पुढे एक ओळ लिहावी : "आपण आजसाठी होकार दिला असे समजून १९७ नग पाठवत आहे." यंत्रावर कापलेले पाच नग वगळून उरतात ते १९७. चूक असेल तर ती ओळ वाचताच दुरुस्त होते.

या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एक म्हणजे, सौम्य करण्याच्या नादात निरोपाचा अर्ज होऊ नये. "महोदय, सविनय सादर करण्यात येते की" असे मोबाइलवर लिहिले की वाचणारा आधी दचकतो, मग हसतो. आदबीला "नमस्कार", "आपण" आणि "धन्यवाद" पुरतात. दुसरी म्हणजे खरी तातडी. एखाद्याला भाजले, भट्टीतून धातू गळू लागला, तर त्या वेळी तीन उद्गारचिन्हे टाकलेला निरोप चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. तेव्हा फोन उचलायचा, आणि सगळे सुरक्षित झाल्यावर काय झाले, किती वाजता, काय केले हे नोंद म्हणून साध्या वाक्यांत लिहायचे.

तिसरी मर्यादा वरिष्ठाच्या स्वभावाची. काही वरिष्ठ स्वतःच हसरे चेहरे पाठवतात. त्यांनी अभिनंदन केले आणि एक हसरा चेहरा जोडला, तर उत्तरात एक हसरा चेहरा परत जाण्यात काही बिघडत नाही. उलट तेथे कोरडे "धन्यवाद." लिहिले तर त्यांनाच वाटेल, काही बिनसले की काय. मात्र पहिला हात त्यांचा असावा. तसेच ज्या निरोपात दोष, विलंब, पैसा किंवा कोणाची जबाबदारी यांची गोष्ट आहे, त्यात चित्र नसावे, मग समोरचा कितीही हसतमुख असो. तो निरोप उद्या नोंद म्हणून वाचला जाईल आणि तेव्हा हसणे कोणाला आठवणार नाही.

आपला निरोप जमला की नाही हे उत्तरावरून कळते. सरांनी लगेच फोन करून "म्हणजे नक्की काय झाले?" असे विचारले, तर मजकुरात भावना होती आणि माहिती नव्हती असे समजावे. "घाबरू नका" असे उत्तर आले, तर चिन्हे माहितीपेक्षा मोठ्याने बोलली. उत्तर फार तुटक आले, तर एखादे "द्या." कोठे उघडे राहिले आहे का ते पाहावे. आणि एकाच उत्तरात निर्णय मिळाला, मध्ये एकही प्रश्न आला नाही, तर निरोप बरोबर होता.

भाचीने आता एक सवय लावून घेतली आहे. वरिष्ठांसाठीचा मजकूर ती त्यांच्या खिडकीत लिहीत नाही, स्वतःलाच पाठवण्याच्या जागी लिहिते. मनात येईल तसे, चिन्हे आणि चित्रे यांसकट. मग प्रत्येक चिन्हापुढे थांबून ते काय म्हणते आहे हे विचारते, तेथे शब्द, आकडा किंवा वेळ लिहिते आणि चिन्ह पुसते. जे चिन्ह काहीच म्हणत नाही ते नुसते पुसते. याला पूर्वी दहा मिनिटे लागत, आता दोन लागतात. कारण आता पुष्कळदा चिन्ह उमटण्याआधीच तिला शब्द सुचतो.

मला मात्र ती अजूनही पूर्वीसारखेच निरोप पाठवते. त्यात माकडे असतात, रडणारे चेहरे असतात, पाच पाच उद्गारचिन्हे असतात आणि त्यांतले काही मला अजून कळत नाहीत. मी विचारते, ती सांगते. त्यासाठी आम्हा दोघींकडे वेळ आहे. कारखान्याच्या प्रमुखांकडे सकाळी सात वाजता तो नसतो.